दिवाळी पहाटेच्या दोनशे खुर्च्या आणि एक शीट

दिवाळी पहाट मोफत असली की पासांचं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याची पहाट पंधरा दिवस आधीच सुरू होते. कुणी फोन करतं, कुणी व्हॉट्सॲपवर लिहितं, कुणी जिन्यात गाठून म्हणतं, ‘आमच्या दोन जागा धरून ठेवा हं.’ हे सगळं वहीत किंवा शीटमध्ये उतरतं खरं, पण चार दिवसांनी कुणाला काय सांगितलंय हे कुणालाच नक्की आठवत नाही. अशा कार्यक्रमासाठी गुगल शीट्समध्ये नोंदणी कशी मांडायची, ते एका उदाहरणावरून पाहू. सूत्रं मोजकीच आहेत आणि ती कुणालाही चिकटवता येतील. डोकं लागतं ते त्यामागचे नियम ठरवायला.

समजा, सभागृहात २०० खुर्च्या आहेत. त्यातल्या १० कलाकारांच्या घरच्यांसाठी आणि देणगीदारांसाठी बाजूला काढल्या. त्या शीटमध्ये आणायच्याच नाहीत, नाहीतर त्यांच्यावर सगळ्यांचा डोळा राहतो. उरल्या १९०. मंडळाने त्या अशा वाटल्या: सभासद ९०, ज्येष्ठ नागरिक ४०, विद्यार्थी ३०, सर्वसाधारण ३०. एका नोंदीत जास्तीत जास्त ४ जागा मागता येतील. ज्येष्ठांच्या गटात मात्र २ पुरे: स्वतः आणि सोबतीला एक जण, मग तो नातू असला तरी चालेल. हे आधीच ठरवलेलं बरं. नाहीतर आजी ज्येष्ठांत, नात विद्यार्थ्यांत आणि एकीला जागा तर दुसरी प्रतीक्षेत, असा प्रसंग ओढवतो.

दोन टॅब, दहा रकाने

शीटमध्ये दोन टॅब करा. एकाचं नाव ‘कोटा’. त्यात A रकान्यात चार गटांची नावं, B मध्ये प्रत्येकाच्या जागा. दुसऱ्याचं नाव ‘नोंदी’. त्यातले रकाने असे:

```
A क्रमांक   B नाव    C मोबाईल   D गट      E जागा
F रद्द      G कळवलं   H बेरीज    I स्थिती   J आले
```

H आणि I सोडून सगळं हाताने भरायचं. उलट, H आणि I मध्ये हाताने एक अक्षरही लिहायचं नाही. बहुतेक मंडळांच्या शीटमध्ये ‘स्थिती’ हाच रकाना माणूस भरतो आणि घोळाचं मूळ तिथेच असतं. एकाने जागा रद्द केली की प्रतीक्षेतल्या पहिल्याला शोधून त्याची स्थिती बदलायची, असं काम माणसावर टाकलं की ते दोनदा नीट होतं आणि तिसऱ्यांदा राहून जातं. म्हणून माणसाने फक्त घडलेली गोष्ट लिहावी: कुणी किती जागा मागितल्या, कुणी रद्द केल्या. जागा मिळाली की नाही, हे शीटने काढावं.

A मधला क्रमांक म्हणजे रांगेतली जागा. नोंद आली की पुढचा क्रमांक द्यायचा आणि तो त्या माणसाला कळवायचा. रांग वेळेवरून लावू नका. दोन नोंदी एकाच मिनिटाला येऊ शकतात. शिवाय फोनवरची नोंद आधी कागदावर होते आणि शीटमध्ये रात्री चढते. क्रमांक एकदा दिला की तो एकाचाच असतो, त्यावर वाद होत नाही. गुगल फॉर्म वापरत असाल तर त्याची उत्तरं त्याच्याच टॅबमध्ये येऊ द्यात. रोज संध्याकाळी नव्या ओळी उचलून ‘नोंदी’मध्ये Ctrl+Shift+V ने नुसती मूल्यं चिकटवा आणि क्रमांक द्या. दोन टॅब सूत्राने जोडून शेजारच्या रकान्यात हाताने लिहिण्याचा मोह होतो, पण मूळ टॅबमधली एखादी ओळ कुणी पुसली की जोडलेल्या ओळी वर सरकतात आणि हाताने लिहिलेलं जागच्या जागी राहतं. मग जोशींचं ‘रद्द’ पाटलांच्या नावासमोर दिसू लागतं.

आता H2 मधलं सूत्र. ते एकच प्रश्न विचारतं: या गटात, माझ्यासकट माझ्यापर्यंत, रद्द न झालेल्या एकूण किती जागा मागितल्या गेल्या?

```
=IF(OR(D2="",F2="रद्द"),"",
 SUMIFS(E$2:E$500,D$2:D$500,D2,
 F$2:F$500,"<>रद्द",A$2:A$500,"<="&A2))
```

ही बेरीज गटाच्या कोट्यात बसली तर जागा मिळाली, नाहीतर प्रतीक्षा. I2 मध्ये तेवढंच लिहायचं:

```
=IF(D2="","",IF(F2="रद्द","रद्द",
 IF(H2<=VLOOKUP(D2,'कोटा'!A$2:B$5,2,FALSE),
 "मिळाली","प्रतीक्षा")))
```

दोन्ही सूत्रं खाली ५०० व्या ओळीपर्यंत ओढा.

I मध्ये #N/A दिसलं तर बहुधा गटाचं नाव चुकलंय. ‘ज्येष्ठ’ ऐवजी ‘जेष्ठ’ लिहिणारे आपल्यात थोडे नाहीत, आणि शीटला ते दोन वेगळे गट वाटतात. शब्दाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा तर डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून D रकान्यात लिहायला देऊच नका. Data → Data validation मधून चार नावांची यादी लावा. F साठीही ‘रद्द’ या एकाच शब्दाची यादी करा. तिसरा सापळा आकड्यांचा. या लेखात मी ३ असं लिहितोय, पण शीटमध्ये E रकान्यात 3 असंच टाका. देवनागरी कीबोर्डवरून टाकलेला आकडा शीटला मजकूर वाटू शकतो आणि मग तो बेरजेत धरला जात नाही. ओळखायची खूण सोपी आहे: खरा आकडा चौकटीत उजवीकडे टेकतो, मजकूर डावीकडे.

रांग फक्त पुढे सरकली पाहिजे

या मांडणीचा खरा फायदा रद्द करताना दिसतो. कुणी ‘येत नाही’ म्हणालं की F मध्ये ‘रद्द’ निवडायचं, बस्स. त्याच्या मागच्या सगळ्यांची बेरीज आपोआप कमी होते आणि ज्याची बेरीज कोट्यात बसते त्याची स्थिती ‘मिळाली’ होते. प्रतीक्षायादी नावाचा वेगळा कागद लागतच नाही.

पण आपोआप बदलणारी स्थिती उलट्या बाजूनेही बदलू शकते, आणि तेच मंडळाला महागात पडतं. काल ज्याला ‘मिळाली’ सांगितलं तो आज शीटमध्ये ‘प्रतीक्षा’ झाला तर काय तोंड दाखवणार? हे कशामुळे होतं ते नीट पाहा. क्रमांक १२ चा माणूस म्हणतो, ‘अहो, आमची बहीणही येतेय, २ चे ३ करा.’ तुम्ही E मधला आकडा बदलता आणि त्याच्या मागे असलेल्या त्या गटातल्या प्रत्येकाची बेरीज एकने वाढते. शेवटच्या जागेवरचा माणूस बाहेर पडतो. त्याला पत्ताही नसतो, आणि तुम्हालाही. असंच रद्द केलेली नोंद पुन्हा जिवंत केली की होतं, गट बदलला की होतं, राहून गेलेली जुनी नोंद मधला क्रमांक देऊन घुसवली की होतं.

म्हणून एकच नियम कटाक्षाने पाळा: जुन्या ओळीतल्या जागा कमी करता येतात, वाढवता येत नाहीत. बहीण येतेय? नवीन ओळ, नवीन क्रमांक, १ जागा, रांगेच्या शेवटी. रद्द करून परत यायचंय? तीच गोष्ट. गट चुकीचा लिहिला गेलाय? जुनी ओळ रद्द, नवीन ओळ योग्य गटात. आणि दिलेल्या जागांपेक्षा कोटा खाली आणायचा नाही. एवढं पाळलं तर प्रत्येकाची बेरीज कमी होईल किंवा तेवढीच राहील, आणि मिळालेली जागा शीट कधीच काढून घेणार नाही. बहिणीला रांगेच्या शेवटी टाकल्याबद्दल दोन-चार माणसं नाराज होतील. होऊ द्यात.

तरीही चार हात एका शीटवर असले की कुणीतरी नियम मोडतोच. त्यासाठी G रकाना आहे. फोन झाला, समोरचा ‘येतो’ म्हणाला की तिथे ‘हो’ लिहा. मग ‘कोटा’ टॅबच्या एका कोपऱ्यात हे ठेवा:

```
=COUNTIFS('नोंदी'!G2:G500,"हो",
 'नोंदी'!I2:I500,"प्रतीक्षा")
```

शब्द दिलाय पण शीटमध्ये जागा नाही, अशा नोंदी किती, हे ते सांगतं. उत्तर नेहमी 0 आलं पाहिजे. 1 दिसला की गेल्या काही तासांत कुणीतरी एखाद्या ओळीला हात लावलाय. File → Version history मध्ये काय बदललं ते सापडतं.

याच G वरून रोजची फोनची यादीही निघते. तिसरा टॅब करा आणि त्यात:

```
=FILTER('नोंदी'!A2:E500,
 'नोंदी'!I2:I500="मिळाली",'नोंदी'!G2:G500="")
```

जागा मिळाली पण अजून कळवलेलं नाही, अशी माणसं एवढीच. तुम्ही G मध्ये ‘हो’ लिहिलं की नाव यादीतून जातं. #N/A आलं तर आज कुणालाच फोन करायचा नाही. फोन न उचलणाऱ्याला निरोप टाकून उद्या रात्रीपर्यंतची मुदत द्या आणि त्यानंतर ओळ रद्द करा. ही मुदत सगळ्यांना सारखी असावी, ओळखीच्यांना लांबणारी नको.

एक जागा शिल्लक, तीन हव्या

विद्यार्थ्यांच्या गटात कोटा ३०. रांगेचं टोक असं आहे:

```
क्रमांक   जागा   बेरीज   स्थिती
79        2      26      मिळाली
81        3      29      मिळाली
83        3      32      प्रतीक्षा
91        1      33      प्रतीक्षा
97        2      35      प्रतीक्षा
```

२९ जागा दिल्या, एक रिकामी आहे. ८३ ला तीन मैत्रिणींसाठी तीन हव्यात, म्हणून ती बसत नाही. ९१ ला एकच हवीय, पण ती मागे आहे. म्हणून ‘कोटा’ टॅबमध्ये विद्यार्थ्यांसमोर ‘शिल्लक १’ आणि ‘प्रतीक्षेत ६’ असं एकाच वेळी दिसतं. समितीच्या बैठकीत यावर कुणीतरी हमखास आवाज चढवतं: जागा आहे आणि माणसं बाहेर ठेवता?

बेरजेतून कोटा वजा केला की कळतं की कुणाला किती जागा सुटण्याची वाट पाहायचीय. ८३ ला दोन सुटायला हव्यात, ९१ ला तीन. रेल्वेच्या वेटिंगसारखंच आहे हे. तिथेही कोट्यागणिक वेगवेगळी प्रतीक्षायादी असते आणि तिकिटावरचा आकडा सांगतो की पुढे किती जण आहेत. विचारणाऱ्याला ‘तुम्ही दुसऱ्या आहात’ म्हणण्यापेक्षा ‘तीन जागा सुटल्या की तुमची’ म्हटलेलं जास्त खरं आहे, कारण पुढच्या एका नावामागे चार माणसं असू शकतात.

आता रिकामी जागा ९१ ला देऊन टाकावी का? दिली तर ८३ चं नुकसान होतं. आधी तिला दोनच जागा सुटायला हव्या होत्या. ती एक गेली की तीन लागतील. म्हणून मी म्हणेन, शेवटचे काही दिवस येईपर्यंत ती जागा तशीच पडू द्या. कार्यक्रम जवळ आला की ८३ ला विचारा, ‘सध्या एकच आहे, घेता का?’ ती हो म्हणाली तर तिची ओळ दोन ओळींत फोडा: 83 समोर जागा 1, आणि नव्या ओळीत 83.1 समोर जागा 2. दशांशाच्या क्रमांकाने रांग मोडत नाही. ८३.१ हा ८३ च्या लगेच मागे आणि ९१ च्या पुढे राहतो. ती नको म्हणाली आणि एकीला पुढे जाऊ द्यायला तयार असली, तर तिचा 83 बदलून 91.1 करा. ९१ ची बेरीज ३० होते आणि जागा मिळते. ८३ त्यांच्या लगेच मागे राहतात, पण ९७ च्या पुढेच. क्रमांकाला हात लावण्याची एवढी एकच मुभा ठेवा, आणि तीही समोरच्याच्या संमतीने.

कोटा कधी फोडायचा

‘कोटा’ टॅबमध्ये प्रत्येक गटासमोर दिलेल्या जागा मोजणारा रकाना हवा. C2 मध्ये:

```
=SUMIFS('नोंदी'!E$2:E$500,'नोंदी'!D$2:D$500,A2,
 'नोंदी'!I$2:I$500,"मिळाली")
```

शेवटचा शब्द बदलून "प्रतीक्षा" केला की प्रतीक्षेतल्या जागा मिळतात. शिल्लक म्हणजे B वजा C.

आपल्या उदाहरणात कार्यक्रमाच्या चार दिवस आधी चित्र असं आहे. सभासदांनी ९० पैकी ७५ घेतल्या. ज्येष्ठांच्या ४० भरल्या. विद्यार्थी २९, वर प्रतीक्षेत सहा जागा. सर्वसाधारण ३० भरल्या, वर प्रतीक्षेत नऊ: क्रमांक ८६ ला चार, ९४ ला दोन, १०२ ला तीन. सभासदांच्या १५ जागा पडून आहेत.

त्या खुल्या करायचा दिवस नोंदणी सुरू होतानाच जाहीर केलेला असावा. आयत्या वेळी कोटा फोडला की उशिरा जागा झालेला सभासद म्हणतो, ‘आमच्या जागा वाटल्या.’ तारीख आधी छापलेली असली तर त्याला बोलायला जागा राहत नाही. आणि उरलेल्या जागा कुणाला, याचा मला पटणारा नियम एकच: गट विसरायचा, प्रतीक्षेतल्या सगळ्यांना क्रमांकाने एका रांगेत लावायचं आणि वरून खाली उतरायचं.

आधी ८३ येते. तिची बेरीज ३२, म्हणजे विद्यार्थ्यांचा कोटा ३२ लागेल. दोन जागा गेल्या. मग ८६, सर्वसाधारणचा कोटा ३४ होतो. एकूण सहा गेल्या. ९१ साठी विद्यार्थी ३३, सात. ९४ साठी सर्वसाधारण ३६, नऊ. ९७ साठी विद्यार्थी ३५, अकरा. १०२ साठी सर्वसाधारण ३९, चौदा. एक उरली, ती सभासदांकडेच राहू द्यात. आता ‘कोटा’ टॅबमध्ये आकडे बदला: सभासद ७६, ज्येष्ठ ४०, विद्यार्थी ३५, सर्वसाधारण ३९. बेरीज पुन्हा १९० आली पाहिजे; त्यासाठी B6 मध्ये =SUM(B2:B5) ठेवलेलं असावं. आकडे बदलताच सहा नोंदींची स्थिती ‘मिळाली’ होते, फोनच्या यादीत सहा नावं येतात. ‘नोंदी’ टॅबला कुणी हातही लावलेला नसतो.

दारावर माणसं मोजायची, नावं नाहीत

पहाटे दारावर उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्याला नावापुढे बरोबरची खूण करायला सांगितली की मोजणी तिथेच फसते. चार जागांच्या नोंदीतली तीन माणसं आलेली असतात, चौथा गाडी लावायला जागा शोधत असतो. म्हणून J मध्ये खूण नको, आकडा हवा. तिघं आले तर 3, चौथा आला की त्याचे 4 करायचे. एकूण आलेले =SUM('नोंदी'!J2:J500) ने, आणि गटवार आकडा पुन्हा SUMIFS ने, फक्त बेरीज J ची.

दोन दारं असतील तर कामाची वाटणी क्रमांकांनी करा: एका दारावर ६० पर्यंतचे, दुसऱ्यावर पुढचे. एकाच चौकटीत दोघांनी लिहिलं तर शेवटी लिहिणाऱ्याचं टिकतं, आधीच्याचं पुसलं जातं. नावाने शोधण्याचा नाद सोडा. शीटमध्ये ‘कुलकर्णी’ असतं, कार्यकर्ता इंग्रजीत टाइप करतो आणि नाव सापडत नाही. तोवर मागे पंधरा माणसं जमलेली असतात. क्रमांक प्रत्येकाला निरोपात पाठवलेला असतो, तोच मागा. आणि ऐन वेळी कुणी शीट नावाने लावायला गेलं तर त्याला थांबवा, कारण ती बाकी सगळ्यांच्या फोनवरही हलते. आदल्या रात्री नावांच्या अकारविल्हे क्रमाने एक प्रत छापून ठेवा, सभागृहात नेट चाललं नाही तर तीच तारते. छापण्यासाठीचा क्रम मात्र वेगळ्या प्रतीत लावा, मूळ शीटमध्ये नको.

शीटच्या जोडीला दारावर हातातलं मोजयंत्र असलं तर फार बरं, ते बोटाने टिक-टिक दाबायचं. ते शीटशी जोडलेलं नसतं हाच त्याचा उपयोग. यंत्राचा आकडा जास्त आला तर कुणीतरी न नोंदवता आत गेलंय किंवा चहाला बाहेर जाऊन आलेल्याला पुन्हा मोजलंय. शीटचा जास्त आला तर कुणी तीन माणसं पाहून सवयीने चार लिहिले, किंवा मांडीवरचं बाळ शीटमध्ये मोजलं आणि यंत्रावर नाही. पाच-सहाचा फरक चालेल. वीसचा पडला तर आत जाऊन रिकाम्या खुर्च्या मोजा, त्याला पर्याय नाही.

आता सहाचा कार्यक्रम. पाच पन्नासला न आलेल्यांच्या जागा बाहेरच्यांना देणार, हे प्रत्येकाच्या निरोपात आधीच लिहिलेलं होतं. दिलेल्या १८९ पैकी १५१ आलेत. ३८ कमी. पण म्हणून ३८ सोडायच्या नाहीत. त्यातल्या काही अशा कुटुंबांच्या आहेत ज्यांतले निम्मे आत बसलेत आणि शेजारची खुर्ची रुमाल टाकून धरलीय. ज्या नोंदीतलं एकही माणूस आलेलं नाही, तेवढ्याच मोकळ्या धरायच्या:

```
=SUMIFS('नोंदी'!E2:E500,'नोंदी'!I2:I500,"मिळाली",
 'नोंदी'!J2:J500,"")
```

उत्तर २९ आलं. म्हणजे उरलेल्या ९ अर्धवट आलेल्या कुटुंबांच्या, त्यांना हात नाही. आधीची न वाटलेली एक मिळवून ३० झाल्या. मी असतो तर २५ सोडल्या असत्या आणि पाच हातात ठेवल्या असत्या, कारण सहा वाजून पाच मिनिटांनी पास दाखवत येणारं एक तरी जोडपं असतंच आणि त्यांना परत पाठवणं जिवावर येतं.

इथे एक चूक फार वेळा होते. न आलेल्यांच्या ओळीत घाईघाईत ‘रद्द’ लिहिलं जातं. तसं केलं की सूत्र त्या जागा प्रतीक्षेतल्या अशा माणसांना देऊन टाकतं जी घरी झोपलेली असतात, आणि न येणारे किती होते हा हिशेबही पुसला जातो. ‘रद्द’ म्हणजे ज्याने आधी कळवलं तो. न आलेल्याचा J रिकामा ठेवायचा, बस्स. दारातून आत घेतलेल्या प्रतीक्षेतल्या माणसाची स्थिती ‘प्रतीक्षा’च राहू द्या आणि J मध्ये आकडा लिहा. अजिबात नोंद न केलेला कुणी रांगेत असेल तर शेवटी नवीन ओळ, गट सर्वसाधारण; कोटा भरलेला असल्याने शीट त्याला आपोआप प्रतीक्षेत टाकते. मग स्थिती ‘प्रतीक्षा’ असलेल्या ओळींतल्या J ची बेरीज म्हणजे आयत्या वेळी आत आलेले.

या शीटमध्ये शेकडो मोबाईल नंबर आहेत हे विसरू नका. ‘लिंक असलेला कुणीही’ अशी ती उघडी ठेवून व्हॉट्सॲप गटावर टाकणारे कार्यकर्ते मंडळागणिक सापडतात. बदल करण्याचा हक्क दारावरच्या आणि फोनवरच्या माणसांपुरता ठेवा, H आणि I रकाने Data → Protect sheets and ranges मधून कुलूपबंद करा, आणि समितीला आकडे हवे असतील तर ‘कोटा’ टॅबचा फोटो पाठवा. कार्यक्रम झाला की C रकाना पुसून टाका.

गटवार आलेल्यांचे आकडे मात्र जपा. आपल्या उदाहरणात शेवटी सभासद ७५ पैकी ६४ आले, ज्येष्ठ ४० पैकी ३७, विद्यार्थी ३५ पैकी २१, सर्वसाधारण ३९ पैकी ३२. पुढच्या वर्षी खुर्च्यांपेक्षा जास्त पास द्यायचे झाले तर कुठे द्यायचे ते यावरून दिसतं. विद्यार्थ्यांच्या ३० खुर्च्यांवर ३६ पास द्यायला हरकत नाही. एकाच वर्षाच्या अनुभवावर ५० द्यायला निघू नका, कारण त्या दिवशी परीक्षा संपलेली असली तर सगळेच येतील. असं केलंत तर B6 मधली बेरीज १९६ दिसेल, ती चूक समजून कुणी दुरुस्त करू नये म्हणून शेजारी तसं लिहून ठेवा. ज्येष्ठांच्या गटात मात्र एकही जादा पास नको. ते येतात, आणि साडेपाचलाच येतात.